कार्यशाळेत दुसऱ्याच्या कवितेच्या खर्ड्यावर अभिप्राय देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कविता वाचून झाली, सगळे गप्प आहेत आणि बोलायची पाळी माझ्यावर आली आहे. पहिले वाक्य कोणते असावे?

पहिल्या वाक्यात कविता चांगली की वाईट हे सांगू नये. ती तुम्हाला कशी पोहोचली हे सांगावे. तुम्ही काय वाचले, कवितेत कोण बोलते आहे, काय घडते आहे आणि कोणत्या ओळीपाशी तुम्ही थांबलात, एवढे दोन-तीन वाक्यांत सांगितले की सुरुवात झाली. उदाहरणार्थ : ‘मला ही कविता एका रिकाम्या घराबद्दल बोलणाऱ्या मुलीची वाटली. ती आईला उद्देशून बोलते आहे हे मला तिसऱ्या कडव्यात कळले, आणि तिथून मी पुन्हा मागे जाऊन पहिले कडवे वाचले.’ या वाक्यांत स्तुती नाही आणि निंदाही नाही, तरीही कवीला त्यांतून जे मिळते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. कवीच्या मनात असलेली कविता आणि कागदावरून वाचकापर्यंत गेलेली कविता या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांच्यातले अंतर कवीला स्वतःला मोजता येत नाही. कागदावर जे उतरलेले नाही तेही त्याला दिसत असते, कारण ते त्याच्या आठवणीत आहे.

या पहिल्या वाक्यामागे आणखी एक कारण आहे. मूल्यमापनाचे वाक्य आधी आले की कवी बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि त्यानंतरचे नेमके निरीक्षणही त्याच्या कानांवरून जाते. वर्णनाच्या वाक्याला मात्र बचावाची गरज पडत नाही. ‘आई तिसऱ्या कडव्यात कळली’ हे ऐकून कवी एकतर समाधानाने मान हलवेल, कारण त्याला तसेच हवे होते, किंवा चमकून कागदाकडे पाहील, कारण आई पहिल्याच ओळीत आहे असे तो धरून चालला होता. दोन्ही वेळा त्याला खर्ड्याबद्दल काहीतरी समजलेले असते.

पण आधी थोडे कौतुक करणे सभ्यपणाचे नाही का?

जे आवडले ते जरूर सांगावे, आणि लवकर सांगावे; फक्त ते कवितेत कुठे आहे हे दाखवून सांगावे. ‘खूप सुंदर’, ‘मनाला भिडली’, ‘प्रतिमा छान आहेत’ ही वाक्ये कोणत्याही कवितेला लागू पडतात, म्हणून या कवितेबद्दल ती काहीच सांगत नाहीत. सरावलेला कवी तर त्यानंतर येणाऱ्या ‘पण’ची वाट पाहत बसतो. आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड असा जो रिवाज अनेक गटांत पडलेला असतो, त्याचे नुकसान हेच आहे की खरे कौतुकही प्रस्तावना वाटू लागते.

याउलट, ‘चौथ्या ओळीत क्रियापद गाळले आहे, त्यामुळे दार उघडले की नाही हे मला कळत नाही, आणि ते न कळणे मला आवडले’ हे कौतुक कवीला पुढच्या खर्ड्यात वापरता येते. आपल्या लेखनातले काय चालते हे कवीला बहुधा काय चालत नाही यापेक्षा कमी माहीत असते. पुनर्लेखनात सर्वांत चांगली ओळ कापली जाण्याचे प्रसंग पुष्कळ घडतात, आणि ती ओळ चांगली आहे हे कोणी बोट ठेवून सांगितलेले नसते, हे त्याचे साधे कारण असते.

बोलण्यापूर्वी कविता किती वेळा वाचावी?

निदान दोनदा, आणि त्यांपैकी एकदा मोठ्याने. गटात शक्य असेल तर कवीने एकदा वाचावे आणि नंतर दुसऱ्या कोणीतरी वाचावे. कवी स्वतः वाचतो तेव्हा तो आवाजाने पुष्कळ काही सांभाळून घेतो : जिथे ओळ अडखळते तिथे तो वेग वाढवतो, जिथे अर्थ धूसर आहे तिथे आवाजातून भाव भरतो. दुसरा माणूस वाचतो तेव्हा कागदावर जे आहे तेवढेच ऐकू येते, आणि तो कुठे अडखळला, कोणता शब्द चुकीच्या जागी तोडला, याची कवीने नोंद करावी. दुसऱ्या वाचनानंतर मिनिट-दोन मिनिटे शांतता ठेवावी आणि प्रत्येकाने आपली थांबलेली जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी. असे केले नाही तर पहिला बोलणारा माणूस सगळ्यांचे वाचन ठरवून टाकतो.

हे सगळे एखाद्या प्रत्यक्ष कवितेवर करून दाखवता येईल का?

उदाहरणासाठी रचलेला हा एक छोटा खर्डा घेऊ. शीर्षक आहे ‘शिडी’.

रंगारी गेले, शिडी राहिली
भिंतीला टेकून,
जशी एखादी गोष्ट सांगायची राहून जाते.
नव्या भिंतीला जुन्या खिळ्यांची आठवण नाही.
वडील रोज तिच्याखालून वाकून जातात,
हात लावत नाहीत.
कधी एकदा ते हिच्यावर चढले होते
छतावरचा माझा चेंडू काढायला,
तेव्हा त्यांच्या पायांत कंप नव्हता.
आता शिडी उभी आहे
अन् काळाच्या ओघात सारेच थकते,
आयुष्य म्हणजे चढणे आणि उतरणे.

हा खर्डा वाचून बहुतेकांच्या जिभेवर पहिली गोष्ट येते ती शेवटाबद्दलची : शेवटच्या दोन ओळी उपदेशासारख्या आहेत, त्या काढून टाका. हे मत बहुधा बरोबरच आहे. तरीही ते पहिले बोलू नये, कारण नुसते एवढेच बोलले तर कवी त्या दोन ओळी काढेल, कविता ‘आता शिडी उभी आहे’ या ओळीवर संपेल, आणि ती तिथे संपलेली न वाटता तुटलेली वाटेल. शेवट का चालत नाही हे कळण्यासाठी कविता आधी कुठे चालते हे कळावे लागते.

म्हणून पहिला वाचक असे म्हणू शकतो : ‘रंगकाम संपल्यावर मागे राहिलेली शिडी, आणि तिच्याखालून रोज जाणारे वडील, असे मी वाचले. पहिल्या चार ओळींत मला ही शिडीची किंवा घराची कविता वाटत होती. “हात लावत नाहीत” इथे मी थांबलो. तिथून ती वडिलांची कविता झाली. “कंप नव्हता” हे वाचल्यावर आज कंप आहे हे माझे मला कळले, आणि वडील शिडीला हात का लावत नाहीत हेही त्याच क्षणी कळले.’

या अभिप्रायात शेवटाचा उल्लेखही नाही, पण शेवटाविषयीची सगळी सामग्री त्यात आलेली आहे. वाचकाला कळायचे ते नवव्या ओळीत कळून चुकले आहे, हे कवीने ऐकले आहे. उरलेल्या तीन ओळी आता काय करत आहेत, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडण्याची शक्यता यामुळे पुष्कळ वाढते, आणि स्वतःला पडलेल्या प्रश्नावर माणूस अधिक मनापासून काम करतो.

दुसरा वाचक एक प्रश्न विचारतो : ‘पहिल्या ओळीतली शिडी आणि सातव्या ओळीतली शिडी एकच आहे का?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘रंगारी गेले, शिडी राहिली’ असे वाचले की शिडी रंगाऱ्यांची आहे आणि ती ते विसरून गेले असे वाटते. पण वडील मागे कधीतरी ‘हिच्यावर’ चढले असतील तर शिडी घरचीच असली पाहिजे. कवीच्या डोळ्यांसमोर ती घरचीच शिडी होती, रंगाऱ्यांनी ती वापरायला काढली आणि परत जागेवर ठेवली नाही. हे त्याला इतके ठाऊक होते की लिहायचे राहून गेले. ‘इथे तर्कदोष आहे’ असे म्हटले असते तरी मुद्दा तोच होता, पण मग दोष सिद्ध करण्यात आणि नाकारण्यात पाच मिनिटे गेली असती. प्रश्न विचारल्यावर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते.

तिसऱ्या ओळीतल्या उपमेबद्दल दोन वाचकांची दोन मते पडतात. एकाला ती उपमा घाईची वाटते, कारण शिडी नीट दिसण्याआधीच तिचा अर्थ लावून दिला आहे. दुसऱ्याला ती हवी वाटते, कारण बाप आणि मूल यांच्यात न बोललेले काहीतरी आहे याची पहिली चाहूल तिथेच लागते. दोन्ही मते कवीपुढे ठेवून गटाने पुढे जावे. निकाल लावत बसू नये.

आता कवी बोलतो. त्याचा प्रश्न शेवटाबद्दलच आहे. उत्तर देणाऱ्याला आता मत मागितलेले आहे, म्हणून ते स्पष्ट द्यावे : ‘शेवटच्या दोन ओळी वाचताना वाकून जाणारे वडील माझ्या डोळ्यांसमोरून गेले. “सारेच थकते” यात माझे वडील आले, सगळ्यांचे वडील आले, पण या घरातले वडील राहिले नाहीत.’ अशा चर्चेनंतर कवी घरी जाऊन काय करेल हे त्याच्यावर आहे. एक शक्यता अशी :

रंगारी गेले, घरची शिडी राहिली
भिंतीला टेकून.
नव्या भिंतीला जुन्या खिळ्यांची आठवण नाही.
कधी एकदा वडील हिच्यावर चढले होते
छतावरचा माझा चेंडू काढायला,
तेव्हा त्यांच्या पायांत कंप नव्हता.
आता रोज तिच्याखालून वाकून जातात,
हात लावत नाहीत.

ओळींचा क्रम बदला, असे गटात कोणीही सुचवले नव्हते. ‘हात लावत नाहीत’ इथे वाचक थांबला, एवढेच कवीने ऐकले होते. ती ओळ शेवटी नेण्याचा निर्णय त्याचा आहे. उपमाही त्याने काढली, आणि ती हवी वाटणारा वाचक यावर कदाचित हळहळेल. मला स्वतःला ती ओळ गेल्याने सुरुवात थोडी कोरडी झाल्यासारखी वाटते, पण हा कवीचा अधिकार आहे.

प्रश्न विचारताना तो टीकेसारखा वाटू नये यासाठी काय करावे?

प्रश्नात तुमचे मत दडलेले असेल तर तो प्रश्न नसतो. ‘तुम्हाला हा शेवट जरा ढोबळ वाटत नाही का?’ याचे एकच उत्तर अपेक्षित आहे आणि ते कवीला समजते. ‘शेवटी वाचकाजवळ काय उरावे असे तुमच्या मनात होते?’ हा त्याच जागेबद्दलचा मोकळा प्रश्न आहे. आपला प्रश्न मोकळा आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे : कवीने कोणतेही उत्तर दिले तरी तुम्हाला त्यात रस असेल, तर प्रश्न मोकळा आहे.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली कलाकृतींवरील प्रतिसादासाठी चार टप्प्यांची एक पद्धत आखली, आणि ती पुढे लेखनाच्या कार्यशाळांतही वापरली जाऊ लागली. तिच्यात आधी प्रतिसाद देणारे काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात, मग कलावंत प्रश्न विचारतो, मग प्रतिसाद देणारे कलावंताला मत न मिसळलेले प्रश्न विचारतात, आणि मत अगदी शेवटी येते, तेही ‘या भागाबद्दल माझे एक मत आहे, ते ऐकायचे आहे का?’ अशी परवानगी घेऊन. कवितेच्या छोट्या गटात ही पद्धत शब्दशः पाळली तर कधी कधी अवघडलेपणा येतो, विशेषतः परवानगीच्या टप्प्यावर, कारण ‘नको’ म्हणायचा धीर फार थोड्यांना होतो. तरी तिचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मत शेवटी आले की पुष्कळदा ते बोलण्याची गरजच उरलेली नसते.

दोष सांगायचाच असेल तर कोणत्या शब्दांत सांगावा?

जागा दाखवावी, तिथे वाचक म्हणून तुम्हाला काय झाले ते सांगावे, आणि शक्य असेल तर त्याचे कारण कवितेच्या शरीरात शोधावे : शब्दात, ओळ जिथे तोडली आहे तिथे, क्रियापदाच्या काळात, विशेषणांच्या गर्दीत. ‘दुसरे कडवे सैल आहे’ हे वाक्य कवीला दुखावते आणि उपयोगीही पडत नाही. ‘दुसऱ्या कडव्यात प्रत्येक नामाला एक विशेषण आहे, तिसऱ्या विशेषणानंतर मी नामे वाचणे सोडून दिले’ हे वाक्य अधिक कठोर आहे, तरीही कवीला ते सहन होते, कारण त्याबद्दल काय करायचे ते त्याला लगेच दिसते. मार्दव शब्द गुळगुळीत केल्याने येत नाही, नेमकेपणाने येते, असे माझे ठाम मत आहे.

मुद्दे मात्र थोडे ठेवावेत. एका बैठकीत एका वाचकाने एक मुख्य मुद्दा आणि फार तर एक दुय्यम मुद्दा मांडला तर पुरे होते. आठ वाचकांनी प्रत्येकी पाच दोष सांगितले तर कवीकडे चाळीस टिपा जमतात, आणि चाळीस टिपांतून कवी बहुतेक वेळा सर्वांत सोप्या निवडतो : एखादा शब्द बदलतो, स्वल्पविराम काढतो आणि मूळ अडचण तशीच राहते. शुद्धलेखनाच्या चुका कागदावर खुणावून द्याव्यात. त्यांवर बोलण्यात गटाचा वेळ घालवू नये, जोपर्यंत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ किंवा वृत्त बदलत नाही.

बदललेली ओळ सुचवावी का?

सहसा सुचवू नये. तुमची ओळ तुमच्या कानाची असते. ती कवीच्या कवितेत घातली की दोन आवाज ऐकू येतात. शिवाय चांगली ओळ सुचवली गेली तर कवी अडचणीत येतो : ती घेतली तर आपली नाही, नाकारली तर कविता त्याहून कमी. त्याऐवजी ओळीने कोणते काम करायला हवे ते सांगावे. ‘इथे मला ऋतू कळायला हवा होता’ एवढे पुरते. कवीने स्वतःहून ‘तुम्ही इथे काय केले असते?’ असे विचारले तर दोन-तीन वेगवेगळ्या दिशा सांगाव्यात, एकच तयार ओळ देऊ नये.

वृत्तात किंवा गझलेत चूक असेल तर? ती मताची बाब नसते.

खरे आहे, आणि म्हणून तिथे आडवळणाची गरज नाही. वृत्तातली चूक जागा दाखवून, लघु-गुरू मांडून सांगावी. समजा भुजंगप्रयातात ही ओळ आहे : ‘तुझ्या आठवणी पुन्हा दाट आल्या’. अक्षरे बारा भरतात, म्हणून नुसते मोजणाऱ्याला चूक दिसत नाही. पण या वृत्तात लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा यावा लागतो, आणि दुसऱ्या गणात ‘ठवणी’ ही अक्षरे लघु-लघु-गुरु पडतात. म्हणजे ओळीतल्या पाचव्या अक्षराशी, ‘व’शी, अडखळायला होते. ‘लय बिघडली आहे’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘पाचवे अक्षर गुरू हवे’ हे म्हणणे अधिक सौम्य आहे, कारण त्यात कवीच्या कानावर शंका घेतलेली नाही, एका अक्षराबद्दल माहिती दिलेली आहे.

गझलेतही तसेच आहे. मतल्यात ठरलेला काफिया आणि रदीफ पुढच्या एखाद्या शेरात पाळला गेला नसेल तर शेर दाखवून सरळ सांगावे. मात्र इथेही पहिले वाक्य तांत्रिक चुकीचे असू नये. आधी कोणता शेर पोहोचला ते सांगावे, कारण त्या शेरासाठी कवी बाकीची दुरुस्ती करण्याचे कष्ट घेणार असतो. आणि मुक्तछंदातल्या कवितेला वृत्त नसल्याबद्दल, किंवा वृत्तबद्ध कवितेला ती जुन्या वळणाची असल्याबद्दल बोल लावू नयेत. कवीने जे लिहायला घेतले आहे त्याच्या आत राहून बोलावे.

कविता अगदी खाजगी दुःखाची असेल तर काय बोलावे?

कवितेत बोलणाऱ्याला ‘कवितेतला मी’ किंवा ‘बोलणारी व्यक्ती’ म्हणावे, ‘तुम्ही’ म्हणू नये. ‘तुम्ही भावाशी शेवटी बोललाच नाहीत’ आणि ‘कवितेतला मी भावाशी शेवटपर्यंत बोलत नाही’ या दोन वाक्यांत पहिले वाक्य माणसाच्या आयुष्यावर बोलते, दुसरे कवितेवर. हा भेद पाळला की कवीलाही थोडे मागे सरकून आपल्याच कवितेकडे पाहता येते. हे खरेच घडले का, असे विचारू नये. घटना खरी असणे हे ओळ चांगली असण्याचे कारण होत नाही, आणि ‘पण हे असेच घडले होते’ हे उत्तर मिळाल्यावर चर्चा तिथेच थांबते.

दुःख ताजे असेल आणि वाचताना कवीचा आवाज भरून आला असेल, तर त्या दिवशी खर्ड्यावर चर्चा हवी आहे की फक्त ऐकणारे हवे आहेत, हे संचालकाने किंवा शेजारी बसलेल्याने आधी विचारावे. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. फक्त ऐकणारे हवे असतील तर अभिप्राय पुढच्या बैठकीवर टाकावा, आणि शब्दयोजनेवरची टिपणे त्या दिवशी कवीच्या हातात देऊ नयेत.

मला कविता कळलीच नाही. तसे सांगणे अपमानाचे होईल का?

नुसते ‘कळली नाही’ म्हटले तर कवीला दोन अर्थ लागतात : कविता दुर्बोध आहे, किंवा वाचकाने कष्ट घेतले नाहीत. कुठपर्यंत कळत होती ते सांगितले की हा गोंधळ मिटतो. ‘सातव्या ओळीपर्यंत मी सोबत होतो; “ती” म्हणजे नदी की बहीण हे तिथे मला ठरवता येईना, आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून होते.’ असे सर्वनामाचे घोटाळे खर्ड्यांत फार आढळतात, कारण कवीच्या मनात ‘ती’ एकच असते. कवीला संदिग्धता मुद्दाम हवी असेल तर तो तसे म्हणेल, आणि मग चर्चा पुढच्या, अधिक चांगल्या प्रश्नावर जाते : वाचक दोन अर्थांमध्ये सुखाने झुलतो आहे की नुसता अडला आहे.

मला कविता आवडलीच नाही. खोटे बोलायचे नाही, मग काय करावे?

आवडनिवड बाजूला ठेवून वर्णन करता येते, आणि तेवढ्याने अभिप्राय पूर्ण होऊ शकतो. कविता काय करू पाहते आहे ते शोधावे आणि त्या कामात ती कुठे यशस्वी होते, कुठे थांबते ते सांगावे. भावविवश कविता तुमच्या प्रकृतीला मानवत नसेल तर एकदा तसे उघड सांगावे : ‘मी सहसा अशा प्रकारची कविता वाचत नाही, तेव्हा माझे म्हणणे तेवढे तोलून घ्या.’ यामुळे कवीला तुमच्या शब्दांचे वजन ठरवता येते. एकही ओळ सापडली नाही असे क्वचितच होते. तसे झालेच तर एखादा शब्द, एखादी तुटलेली ओळ, शीर्षक आणि पहिल्या ओळीतला ताण, यांपैकी काहीतरी खरोखर लक्षात राहिलेले असते. तेच सांगावे, फुगवून सांगू नये.

चर्चा चालू असताना कवीने गप्प बसावे, हा नियम योग्य आहे का?

आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन-कार्यशाळेशी हा रिवाज जोडला जातो, आणि तो जगभर पसरला. त्याचा फायदा असा की कवी खुलासे करत नाही, त्यामुळे कागदावरची कविताच बोलते. तोटा असा की गट चुकीच्या समजुतीवर वीस मिनिटे बोलत राहतो आणि कवी ते निमूटपणे लिहून घेत बसतो. ‘शिडी’च्या उदाहरणात कवीला बोलू दिले नसते, तर शिडी रंगाऱ्यांची धरून गटाने रंगाऱ्यांवर चर्चा केली असती. माझ्या मते मधला मार्ग बरा : पहिली पाच-सात मिनिटे, म्हणजे वाचक आपापले वाचन सांगतात तोवर, कवीने गप्प राहावे, मग त्याने स्वतःचे दोन प्रश्न विचारावेत आणि पुढची चर्चा त्या प्रश्नांभोवती व्हावी. खर्डा देतानाच कवीने हे दोन प्रश्न लिहून ठेवले तर फार चांगले, कारण चर्चेच्या ओघात ते विसरतात.

खर्डा पहिलाच आहे की शेवटचा, याने अभिप्रायात फरक पडावा का?

पडावा, आणि म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्यावे. कालच लिहिलेल्या कवितेत अजून विषयच ठरायचा असतो. तिच्या यमकांवर बोलणे व्यर्थ आहे, कारण ती कडवी पुढच्या खर्ड्यात असतीलच असे नाही. तिथे ‘मला यात दोन कविता दिसतात’ अशा प्रकारचे निरीक्षण उपयोगी पडते. याउलट, सहाव्या खर्ड्यानंतर संग्रहासाठी पाठवायच्या कवितेला ‘हे सगळे वडिलांच्या तोंडून सांगितले तर?’ असे सुचवणे निर्दयपणाचे आहे. तिथे शब्द, विरामचिन्हे आणि ओळींचे तोड एवढ्यावरच बोलावे.

माझा अभिप्राय उपयोगी पडला की नाही हे कसे ओळखावे?

बैठकीत कवीने आभार मानले यावरून काहीच कळत नाही. तो खुलासे देत असेल, ‘मला तिथे असे म्हणायचे होते’ असे वारंवार म्हणत असेल, तर बहुधा तुमचे बोलणे निकालासारखे झाले आहे. तेव्हा मत थांबवून पुन्हा वाचनाकडे यावे आणि ‘तुम्हाला जे म्हणायचे होते ते मला या ओळीत जवळपास ऐकू आले’ असे त्याला दाखवावे. तो सगळेच लिहून घेत असेल आणि काहीच विचारत नसेल, तर मुद्दे फार झाले आहेत. तो मध्येच गप्प होऊन कागदावर बाण काढू लागला, एखादी ओळ कंसात टाकू लागला, तर बोलणे तिथेच आवरते घ्यावे, कारण काम सुरू झालेले आहे.

पुढचा खर्डा समोर आला की त्यात तुमची सूचना पाळली आहे का, हे शोधू नये. तुम्ही बोट ठेवलेल्या जागेत काही हलले आहे का, एवढे पाहावे. कवीने वेगळाच उपाय शोधला असेल, किंवा ती ओळ हट्टाने तशीच ठेवून तिच्या आधीची ओळ बदलली असेल, तरी जागा त्याला दिसली होती. आणि तो खर्डाही पहिल्यांदाच वाचत आहोत अशा रीतीने दोनदा वाचावा, जुनी आवृत्ती शेजारी न ठेवता. तुलना करायची असेल तर ती दुसऱ्या वाचनानंतर करावी.